तासन्‌तास उभं ठेवणारा स्नायू

नुसतं उभं राहणं म्हणजे काहीच न करणं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उभ्या माणसाचं शरीर सतत पुढे कलत असतं. त्याच्या वजनाची रेषा घोट्यातून खाली जात नाही, घोट्याच्या चार-पाच सेंटिमीटर पुढून जाते. मागून ओढून धरणारं काही नसेल, तर माणूस घोट्यापाशी झुकून तोंडावर आपटेल. ओढून धरण्याचं हे काम मुख्यतः पोटरीतला सोलियस नावाचा स्नायू करतो.

टाचा उचलल्यावर पोटरीत जे दोन गोळे वर येतात, ते गॅस्ट्रोक्नीमियस या स्नायूचे. त्यांच्याखाली रुंद, चपटा सोलियस दडलेला असतो. खाली दोघेही अकिलीस टेंडनमधून टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. वर मात्र त्यांची वाट वेगळी होते. गॅस्ट्रोक्नीमियस गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला जातो, तर सोलियस गुडघ्याच्या खाली, नडगीच्या आणि तिच्या शेजारच्या बारीक हाडाच्या मागच्या बाजूलाच थांबतो. म्हणून गुडघा वाकला की गॅस्ट्रोक्नीमियस सैल पडतो, पण सोलियसच्या कामात फारसा फरक पडत नाही.

हे काम किती जड असतं? 60 किलो वजनाचा माणूस घ्या. वजनाची रेषा घोट्याच्या 4 सेंटिमीटर पुढे आणि टेंडन 5 सेंटिमीटर मागे आहे असं धरलं, तर तोल राखायला 60 गुणिले 4 भागिले 5, म्हणजे 48 किलोची ओढ लागते. ती दोन पायांत वाटली गेली की एका पायाला 24 किलो येतात. हाच माणूस एका पायाच्या चवड्यावर उभा राहिला, तर त्या एकाच टेंडनवर शंभर किलोहून जास्त ओढ पडते, आणि तीही पोटरी पेलते. थोडक्यात, साधं उभं राहताना तिच्या ताकदीचा लहानसा हिस्साच खर्ची पडतो.

पण हलकं ओझंही तासन्‌तास पेलायचं तर स्नायूची घडण वेगळी लागते. रांव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1870च्या दशकात सशाचे स्नायू तपासले, तेव्हा लाल स्नायू पांढऱ्यांपेक्षा सावकाश आकुंचन पावतात असं त्याला आढळलं. माणसाच्या सोलियसमध्ये अशा मंद तंतूंचं प्रमाण साधारण 70 ते 90 टक्के असतं. हे तंतू ताण धरून ठेवताना ऊर्जा फार कमी जाळतात. भोवती केशवाहिन्यांचं दाट जाळं असल्यानं त्यांना ऑक्सिजन मिळत राहतो, आणि त्यावर ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया त्यांच्यात भरपूर असतात. त्यामुळे खर्च होईल तितकी ऊर्जा लगेच भरून निघते. मज्जासंस्थाही काटकसरी आहे. ओझं हलकं असेल तोवर ती फक्त छोट्या, न थकणाऱ्या तंतुगटांनाच कामाला लावते. लवकर दमणारे मोठे गट उडी मारण्यासाठी किंवा पळण्यासाठी राखून ठेवलेले असतात.

शिवाय हा स्नायू एकसारखा ताठ राहत नाही. अल्ट्रासाउंडनं पाहिलं तर शरीर किंचित पुढे झुकताना तो लांबण्याऐवजी आखडतो आणि टेंडनला ताण देतो. सेकंदाला दोन-तीन वेळा असे बारीक हिसके देत तो तोल सावरत असतो.

सोलियस दुबळा झाला तर काय होतं, हे सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांमध्ये दिसतं. त्यांची टाच टेकावी म्हणून शस्त्रक्रियेनं टेंडन गरजेपेक्षा जास्त लांब केलं गेलं, तर नडगीला मागून रोखणारी ओढ कमी पडते. नडगी पुढे झुकते, गुडघे वाकतात आणि मूल अर्धवट बसल्यासारखं चालू लागतं. गुडघा सरळ राहण्यातही सोलियसचा वाटा किती मोठा आहे, हे यातून कळतं.

सोलियसचे तंतू थकत नाहीत, तरी खूप वेळ निश्चल उभं राहिलेल्या माणसाला भोवळ येते. सोलियसच्या आत मोठ्या नीला असतात. तो जोरात आवळला की त्यांतलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. निश्चल उभं राहताना ही आवळ फार हलकी असते. मग रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं आणि कवायतीतला तरणाताठा जवानही कोसळतो.

दुकानात, वर्गात किंवा कारखान्यात दिवसभर उभं राहणाऱ्यांनी म्हणूनच दर काही मिनिटांनी टाचा सावकाश दहा-पंधरा वेळा वर-खाली कराव्यात. जमेल तेव्हा चार पावलं चालावं. आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर तो थकवा समजून चोळत बसू नये. नीलेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.