आवाज बंद असतानाही बोलणारी चित्रफीत

इंग्लंडमध्ये शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही घरभाड्याच्या डिपॉझिटविषयी पन्नास सेकंदांची चित्रफीत केली. बहुतेक खासगी भाडेकरारांत घरमालकाने ही रक्कम मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे, एवढेच तिचे सांगणे. ती आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी पाहिली, पण मुद्दा कोणालाच सांगता येईना. फीडमध्ये ती आपोआप, पण निःशब्द सुरू होत होती. पहिले सात सेकंद बोधचिन्ह आणि संगीत. नंतर केवळ हलणारे ओठ. पाहणारा तोवर पुढे सरकलेला असे.

दुसऱ्या आवृत्तीत आम्ही बोधचिन्ह शेवटी नेले आणि पहिल्याच चौकटीत प्रश्न ठेवला:

```
1
00:00:00,000 --> 00:00:03,000
डिपॉझिट दिले?
ते कुठे ठेवले आहे?
```

बोललेले वाक्य जसेच्या तसे खाली लिहिणे ही आमची पहिली चूक होती. वक्ता चार सेकंदांत जे बोलतो, ते तीन ओळींत मावते आणि वाचून होण्याआधी नाहीसे होते. म्हणून वाक्य तोडले: आधी 'घरमालकाला मुदत : ३० दिवस', मग 'रक्कम सरकारमान्य योजनेत हवी'. एका वेळी दोनच ओळी. ओळ अर्थाच्या ठिकाणी तुटावी, विभक्ती प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्ययापाशी नव्हे. सावकाश मोठ्याने वाचून व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ओळ पडद्यावर राहू दिली.

मुदत डोळ्यांनाही दिसावी म्हणून दिनदर्शिकेवर पैसे दिल्याचा दिवस आणि तिसावा दिवस यांभोवती वर्तुळे काढली. दारावरची थाप केवळ ऐकू येत होती. तिथे दार दाखवून '[दारावर थाप]' असे लिहिले. त्यामुळे ऐकू न येणाऱ्यांचीही सोय झाली.

उपशीर्षकांची वेगळी फाईल प्रत्येक फीडमध्ये आपोआप दिसेलच असे नाही; म्हणून मुख्य ओळी आम्ही चित्रातच कोरल्या. त्या अगदी तळाशी ठेवल्या तर ॲपची बटणे आणि मजकूर त्यांवर येतो, म्हणून त्या थोड्या वर घेतल्या. उजळ दृश्यावर पांढरी अक्षरे हरवतात. त्यांमागे गडद पट्टी दिली. देवनागरीची आणखी एक अडचण असते. संपादनाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये लिपीची मांडणी नीट होत नाही. 'दिवस' मधली वेलांटी द च्या नंतर येते आणि जोडाक्षरे सुटतात. दोन ओळींतले अंतर कमी असेल तर वरच्या उकाराला खालची मात्रा भिडते. म्हणून अंतिम फाईल फोनवरच तपासावी.

शेवटची परीक्षा सोपी आहे. विषय ठाऊक नसलेल्या एकाला फोन मूक करून चित्रफीत एकदाच दाखवावी आणि काय कळले ते विचारावे. आमच्या एका नवागत विद्यार्थिनीने उत्तर दिले, "तीस दिवस झाले की घरमालकाला योजनेचे नाव विचारायचे." तेव्हाच आम्ही ती चित्रफीत प्रसारित केली.