शून्य की रिकामी जागा?

आकडेवारीचा अपरिचित संच हाती आला, की गणिती प्रतिमान रचण्यापूर्वी मी चार गोष्टी पाहतो : एक ओळ कोणाची, स्तंभाचे एकक कोणते, किमान-कमाल मूल्ये संभवनीय आहेत काय, आणि एखादे मूल्य वारंवार येते काय.

अमेरिकेतील पिमा स्त्रियांच्या मधुमेहविषयक प्रसिद्ध संचात ७६८ नोंदी आहेत. त्यांपैकी ३५ जणींचा रक्तदाब शून्य! जिवंत व्यक्तीचा तो असूच शकत नाही. हे शून्य म्हणजे पोथीतील गळालेले अक्षर, न नोंदलेले मोजमाप. इन्सुलिनच्या स्तंभात अशी शून्ये ३७४. ती धरली तर सरासरी सुमारे ८० येते. वगळली तर १५६. गर्भधारणांच्या स्तंभातील शून्य मात्र खरे असू शकते. म्हणून शून्याचा अर्थ त्या त्या स्तंभातच शोधावा.