विश्लेषण : तोट्याची भीती असताना फुगा फुगतोच कसा? कापसाच्या पैशाने उठलेल्या १८६५ च्या शेअरवेडाचा धडा

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा हा मुख्यतः धानाचा तालुका. पश्चिमेकडे वर्धा नदीच्या बाजूला सरकत गेले की वरोरा, राजुरा, कोरपना असा कापसाचा पट्टा सुरू होतो. २०२२-२३ च्या हंगामात या पट्ट्यातील, किंबहुना सगळ्या विदर्भातील, अनेक घरांत एक खोली कापसाने भरलेली होती. भाव साडेआठ-नऊ हजारांच्या आसपास असतानाही शेतकरी विकायला तयार नव्हते. हा अडाणीपणा होता का? अजिबात नाही. त्यामागे माणसाच्या मनाचा जो कल आहे, त्याच कलाने १६० वर्षांपूर्वी मुंबईत देशातला पहिला मोठा शेअरबुडबुडा फुगवला होता. गंमत म्हणजे त्या बुडबुड्यात गेलेला पैसाही कापसाचाच होता.

मुंबईत तेव्हा काय घडले?

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेकडील राज्यांच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा आटला. गिरण्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, हिंगणघाट असा जिथून मिळेल तिथून कापूस मुंबई बंदराकडे निघाला. नागपूरला रेल्वे पोहोचली १८६७ मध्ये, म्हणजे या भागातल्या मालाला निम्मी वाट बैलगाडीनेच काटावी लागत होती. भाव कित्येक पटींनी वाढला. ऐपत आलेल्या शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी आख्यायिका त्या काळाबद्दल सांगितली जाते.

ही भाववाढ खरी होती, हे आधी लक्षात घ्यायला हवे. माल कमी, मागणी तेवढीच, म्हणून भाव चढला. त्यात वेड काहीच नव्हते. वेड सुरू झाले ते या कमाईचा पैसा मुंबईत साचल्यावर. एवढ्या पैशाला गुंतवायला जागा नव्हती, तेव्हा जागा तयार करण्यात आल्या. जानेवारी १८६५ पर्यंत शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. यांतली सर्वांत गाजलेली म्हणजे समुद्रात भर घालून जमीन तयार करणारी ‘बॅक बे रेक्लमेशन कंपनी’. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव ५० हजारांच्या घरात गेला. समुद्र मात्र अजून जागेवरच होता.

प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे. कापसाची दलाली, बँका आणि नव्या कंपन्यांचे शेअर या तिन्ही ठिकाणी त्यांचा हात होता. कोणत्या कंपनीत प्रेमचंदशेठ आहेत एवढे कळले की लोकांना पुढची चौकशी गरजेची वाटत नसे.

एकाला पाहून दुसरा, दुसऱ्याला पाहून तिसरा...

झुंडीच्या या वागण्याला आपण सहसा ‘मेंढरं’ म्हणून मोकळे होतो. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ मध्ये मांडलेले उत्तर मात्र वेगळे आहे. (मुंबईत जन्मलेल्या बॅनर्जींच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर.) त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : झुंडीतला एकेक माणूस आपापल्या जागी शहाणपणानेच वागत असतो.

दोन खाणावळी शेजारी-शेजारी आहेत असे समजा. तुम्ही पहिलीबद्दल बरे ऐकले आहे, पण दुसरीत गर्दी आहे आणि पहिली ओस. तुम्हाला वाटते, एवढ्या लोकांना काहीतरी ठाऊक असेल, आणि तुम्ही दुसरीत जाता. तुमच्याजवळची माहिती तुम्ही वापरलीच नाही. आता तुमच्या मागून येणारा तुम्हालाही त्या गर्दीत मोजतो. प्रत्यक्षात कदाचित पहिल्या दोघांनाच काही ठाऊक होते आणि बाकीचे पन्नास जण फक्त एकमेकांकडे बघत होते. गर्दी वाढते, त्या गर्दीतली माहिती मात्र वाढत नाही. १८६४ च्या मुंबईत बॅक बेच्या शेअरमागे किती जणांनी भरावाचा खर्च आणि तयार होणाऱ्या जमिनीचा भाव यांचे गणित मांडले असेल? भाव चढतो आहे, हाच बहुतेकांचा पुरावा होता.

मग तोट्याची भीती कुठे जाते?

खरा पेच इथे आहे. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचे दुःख सारखे नसते. दुःखाची बाजू जड असते. त्यांच्या १९९२ च्या अंदाजानुसार सव्वादोन पट. याला तोट्याची नावड म्हणता येईल. पण माणूस तोट्याला इतका भीत असेल तर चढ्या भावात तो शिरतोच कशाला? या स्वभावाने तर फुगा फुगण्याआधीच बसायला हवा. आणि खरोखरच, ही नावड एरवी भावाला थोडा लगामच घालते : नफ्यातला शेअर लोक लवकर विकून टाकतात, हातचा नफा जाऊ नये म्हणून.

उत्तर ‘तोटा’ या शब्दातच दडलेले आहे. तोटा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो. मनात एक खूण असते. तिच्यावर म्हणजे नफा, तिच्याखाली म्हणजे तोटा. ही खूण बहुधा आपण घातलेल्या पैशावर असते. पण शेजाऱ्याने वर्षात पैसे दहापट केले की ती हलते. मग पेढीवर शांत बसलेल्या व्यापाऱ्यालाही आपण काही गमावतो आहोत असे वाटू लागते. त्याच्या तिजोरीतून एक रुपयाही गेलेला नसतो, तरी दुःख तोट्याचेच असते आणि तितकेच जड असते. ते टाळण्यासाठी तो बाजारात उतरतो. झुंड खूण वर सरकवते, आणि ज्या भीतीने माणसाला बाहेर ठेवायचे तीच भीती त्याला आत ढकलते. हे दोन्ही कल एकत्र आल्याशिवाय फुगा मोठा होत नाही.

आत शिरलेल्या माणसाची खूण पुढे सर्वांत चढ्या भावाला जाऊन चिकटते. समजा, पाच हजारांचा शेअर ५० हजारांवर गेला आणि मग ४५ हजारांवर आला. धारकाला ४० हजारांचा नफा दिसत नाही, पाच हजारांचा तोटा दिसतो. तो विकत नाही, थांबतो. सगळेच थांबले की बाजारात विकायला माल कमी येतो, मूठभर सौद्यांवर भाव टिकून राहतो आणि बाहेरच्याला वाटते, भाव भक्कम आहे. खरे तर तो भक्कम नसतो. कोणी विकत नाही, एवढेच.

फुगा फुटला कसा?

मुंबईतले बरेचसे व्यवहार वायद्याचे होते : आज भाव ठरवायचा, शेअर आणि पैसे यांची देवाणघेवाण १ जुलै १८६५ रोजी. शिवाय ‘बँक ऑफ बॉम्बे’ शेअर तारण ठेवून कर्ज देत होती. १८६३ च्या कायद्याने तिला ती मोकळीक मिळाली होती. हा भाग मनाच्या कलांइतकाच महत्त्वाचा आहे. भाव चढला की तारणाची किंमत चढे, कर्ज वाढवून मिळे, त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात आणि भाव आणखी चढे. पैसा दुसऱ्याचा असला की तोट्याची भीतीही निम्मी दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आले आणि युद्ध संपल्यातच जमा झाले. युद्ध कधीतरी संपणार, मग अमेरिकी कापूस परत येणार, हे कोणापासून लपलेले नव्हते. तरीही शेअरचे भाव असे होते, जणू ते कधीच संपणार नाही. बातमी मुंबईत पोहोचली आणि कापूस घसरला. १ जुलैला ज्याला पैसे द्यायचे होते त्याच्याकडे ते नव्हते, कारण त्याला ज्याच्याकडून यायचे होते त्याच्याकडेही नव्हते. एकाच दिवशी फेडायच्या वायद्यांची साखळी एकाच दिवशी तुटली. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. १८६८ मध्ये बँकच गुंडाळली गेली. प्रेमचंद रायचंदही यात बुडाले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र अजून वेळ दाखवतो.

कापसाची खोली का रिकामी झाली नाही?

२०२१-२२ मध्ये विदर्भातील बाजार समित्यांत कापूस दहा हजारांच्या पुढे गेला, काही ठिकाणी हंगामाच्या शेवटी बारा हजारांवर. ज्यांनी आधी विकला ते हळहळले. थांबणारा जिंकतो, एवढीच शिकवण गावोगाव राहिली. पुढच्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,३८० रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या बराच वर होता. पण मनातली खूण हमीभावावर किंवा लागवडीच्या खर्चावर नव्हती, ती दहा हजारांवर होती. त्यामुळे नऊ हजारही तोट्याचे वाटले. गाव थांबले म्हणून घर थांबले. भाव उतरत उतरत उन्हाळ्यात सात हजारांच्या आसपास आला. दरम्यान कापसाचे वजन घटले आणि घरात अंगाला खाज सुटू लागली ती वेगळीच. वीस क्विंटल धरलेल्याचा हिशेब साधा आहे : नऊऐवजी सात हजार म्हणजे ४० हजार रुपये कमी.

याला बुडबुडा म्हणणे बरोबर नाही. शेतकऱ्याने कर्ज काढून दुसऱ्याचा कापूस विकत घेतला नव्हता, आणि थांबण्याचा निर्णय आदल्या वर्षी बरोबरही ठरला होता. पण खूण सरकण्याची रीत तीच. ती ओळखायला एक प्रश्न पुरतो : हा माल आज घरात नसता, तर आजच्या भावाने विकत घेऊन साठवला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर माणूस पुढच्या भावाचा अंदाज बांधत नसतो, जुन्या भावाला धरून बसलेला असतो.

आता हा बाजार फोनवर आहे. वायदे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के जणांना आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात तोटा झाला, असे ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. सलग तोटा होऊनही त्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी व्यवहार थांबवले नाहीत. गेलेले पैसे त्याच जागी परत मिळवायचे, ही त्यांची खूण.