पाळी किती वेळाची?

संगणकावर गाणं चालू आहे, मागे एक मोठी व्हिडिओ फाइल तयार होते आहे आणि तुम्ही पत्र टाइप करत आहात. प्रोसेसरचा गाभा एकच असला, तरी तिन्ही कामं एकाच वेळी चालल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात तो एका क्षणी एकच काम करतो. कामं रांगेत उभी असतात. पहिल्याला ठरावीक वेळ मिळतो, तो संपला की घड्याळाचा इशारा येतो, ऑपरेटिंग सिस्टीम त्याला अर्ध्यावर उठवून रांगेच्या शेवटी पाठवते आणि पुढच्याला बोलावते. या पद्धतीला राउंड रॉबिन म्हणतात आणि त्या ठरावीक वेळाला टाइम स्लाइस.

नियम एवढाच. सगळी मेख स्लाइस किती ठेवायची यात आहे.

समजा रांगेत दहा अवजड कामं आहेत, प्रत्येकाला कित्येक मिनिटं लागणारी. त्यांच्या मागे एक छोटं काम येऊन उभं राहतं, त्याला फक्त 12 मिलिसेकंद हवेत. एक काम उठवून दुसरं बसवायलाही वेळ लागतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून तो 1 मिलिसेकंद धरू.

स्लाइस 100 मिलिसेकंदांची ठेवली, तर पुढच्या दहा जणांची एकेक पाळी आणि अदलाबदल मिळून 1010 मिलिसेकंद जातात. छोटं काम 1022व्या मिलिसेकंदाला संपतं. बारा मिलिसेकंदांच्या कामाला सेकंदभर ताटकळावं लागलं. ते काम म्हणजे तुम्ही दाबलेली कळ पडद्यावर उमटवणं असेल, तर अक्षर सेकंदभर उशिरा दिसेल आणि तुम्ही तीच कळ पुन्हा दाबाल.

मग स्लाइस अगदी लहान, 1 मिलिसेकंद ठेवू. आता प्रत्येक पाळीमागे तितकाच वेळ अदलाबदलीत जातो, म्हणजे प्रोसेसरची निम्मी मेहनत वाया. छोट्या कामाला बारा फेऱ्या माराव्या लागतात, दर फेरी 22 मिलिसेकंदांची, आणि ते 263व्या मिलिसेकंदाला संपतं.

10 मिलिसेकंदांची स्लाइस मधली वाटते, पण ती फसवी आहे. छोटं काम 110 मिलिसेकंद थांबून 10 मिलिसेकंद चालतं. फक्त दोन उरलेले असताना त्याची पाळी संपते आणि ते पुन्हा दहा जणांच्या मागे जातं. शेवट 233 वर. तीच स्लाइस 15 केली, तर 160 मिलिसेकंदांनी पाळी येते, काम एकाच बैठकीत उरकतं आणि 172 वर सुटतं. म्हणजे स्लाइस वाढवल्यावर छोट्या कामाची वाट पाहणं कमी झालं! छोट्या कामाच्या गरजेपेक्षा स्लाइस किंचित मोठी असावी, किंचित लहान नसावी. म्हणूनच पाठ्यपुस्तकं असा ठोकताळा देतात, की शंभरातली साधारण ऐंशी कामं एका पाळीत आटोपतील इतकी ती असावी.

हा आकडा मात्र कायमचा ठरवता येत नाही. रांगेत दहाऐवजी शंभर जण आले, की तीच 15 मिलिसेकंदांची पाळी दीड सेकंदाहून जास्त ताटकळत ठेवते. राउंड रॉबिन कुणालाच कायमचं उपाशी ठेवत नाही, पण जेवण कधी मिळेल हे रांगेच्या लांबीवर असतं. शिवाय आजच्या यंत्रात नुसत्या अदलाबदलीला काही मायक्रोसेकंदच लागतात. खरा तोटा नंतर होतो: प्रोसेसरजवळच्या कॅशमध्ये आधीच्या कामाची माहिती असते आणि नव्याला आपली माहिती मुख्य मेमरीतून पुन्हा आणावी लागते.

अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो आणि सहकाऱ्यांनी 1961 मध्ये सीटीएसएस ही अनेकांनी एकाच वेळी वापरायची प्रणाली दाखवली, तेव्हा हा तोटा फार मोठा होता. वापरकर्त्यांच्या जागेत एका वेळी एकाचाच प्रोग्रॅम असे, बाकीच्यांना बाहेर नेऊन पुन्हा आत आणावं लागे. त्यांनी एका रांगेच्या अनेक केल्या. वरच्या रांगेत पाळी छोटी. तेवढ्यात काम संपलं नाही, तर ते खालच्या रांगेत जाई, तिथे पाळी दुप्पट लांब, पण वरच्या रांगा रिकाम्या झाल्यावरच मिळणारी. कोणतं काम छोटं हे आधी ओळखावं लागत नाही, ते चालता चालता कळतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात हुशार युक्ती हीच. तिचा धोका मात्र उलटा आहे. वर छोटी कामं येतच राहिली, तर खालचं मोठं काम खरोखर उपाशी राहतं, म्हणून बराच वेळ थांबलेल्याला वर उचलण्याची सोय करावी लागते.

तुमच्याकडे लिनक्स असेल, तर राउंड रॉबिनची स्लाइस मिलिसेकंदांत अशी पाहता येईल:

```
cat /proc/sys/kernel/sched_rr_timeslice_ms
```

सहसा 100 हे उत्तर येतं. ती फक्त खास रिअल-टाइम कामांसाठी आहे. रोजच्या प्रोग्रॅमांना लिनक्स अशी ठरावीक पाळी देत नाही, कुणाला आतापर्यंत किती वेळ मिळाला याचा हिशेब ठेवून पुढचा निवडतं.