प्रथिनाची घडी बसवताना

पोलादपूरच्या एका शिक्षक-वाचकांनी पत्रातून विचारलं आहे: ‘विंचवावरची लस अजूनही जिवंत विंचवांचं विष काढून, ते घोड्यांना टोचून बनवतात. इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेता येतं, मग विंचवाचं विष का नाही?’

हा प्रश्न महाड-पोलादपूर पट्ट्यातून यावा याला कारण आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं फुप्फुसात पाणी भरून त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या रुग्णांना वाचवतं, हे त्यांनी याच भागातल्या रुग्णांवर उपचार करताना दाखवून दिलं. पुढे प्रमोदिनी बावस्कर आणि त्यांनी मिळून महाडमध्ये ७० रुग्णांवर चाचणी केली आणि ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. नुसतं प्राझोसिन दिलेल्या रुग्णांना बरं व्हायला सरासरी १७.७ तास लागले, सोबत प्रतिविष दिलेल्यांना ८ तास. म्हणजे प्रतिविषाचा उपयोग आहे. मात्र ते बनवायला विष लागतं आणि एका विंचवाचं विष मिलिग्रॅमच्या हिशेबात मोजावं लागतं.

विंचवाच्या विषातली माणसाला घातक ठरणारी द्रव्यं ही छोटी प्रथिनं असतात. साठ-सत्तर अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात आठ सिस्टीन आणि त्यांच्या जोड्या जुळून झालेले गंधकाचे चार पूल. या पुलांमुळेच साखळीची घट्ट घडी टिकते आणि ती घडी मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दारात नेमकी जाऊन बसते. जीन जिवाणूत घातला की साखळी बनते, अक्षर न् अक्षर बरोबर बनते. घोडं अडतं ते घडीपाशी. ई. कोलाय जिवाणूच्या पेशीरसात गंधकाचे पूल टिकू शकतील असं वातावरणच नसतं आणि तिथे नव्या प्रथिनाचा मारा इतका जोराचा असतो की अर्धवट उघड्या साखळ्या एकमेकींना चिकटून तिथेच गाळ होऊन बसतात. हाच गाळ म्हणजे इन्क्लूजन बॉडी. इन्सुलिनचीही यातून सुटका नव्हती. इन्सुलिनची प्रथिनं बनवणाऱ्या जिवाणूंत असेच गोळे दिसल्याचं एली लिलीच्या संशोधकांनी १९८२ मध्येच ‘सायन्स’मध्ये लिहिलं होतं. ‘जिवाणूत इन्सुलिन बनतं’ या वाक्यात गाळातून इन्सुलिन उभं करणाऱ्यांचं काम कुठेच दिसत नाही आणि आजच्या लेखाचा विषय तेच काम आहे.

उदाहरण मेक्सिकोतलं घेऊ. तिथेही विंचू ही सार्वजनिक आरोग्याची डोकेदुखी आहे. लुरिवाल पोसानी, खेरार्दो कोर्सो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका विंचवाचं ‘सीएसएस-२’ हे चार पुलांचं विष जिवाणूत बनवलं आणि २००७ मध्ये त्याची हकिगत प्रसिद्ध केली. एक लिटर कल्चरमागे २४.६ मिलिग्रॅम प्रथिन मिळालं आणि ते सगळंच्या सगळं गाळात होतं.

गाळात जाणं ही पूर्ण आपत्ती नाही. हे गोळे जड असतात. पेशी फोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की ते तळाशी बसतात आणि जिवाणूंची बाकीची बरीचशी प्रथिनं वरच्या पाण्याबरोबर ओतून देता येतात. ट्रायटनसारख्या सौम्य साबणाने एक-दोनदा धुतलं की बऱ्यापैकी शुद्ध माल हाती येतो. आता तो विरघळवायचा. साध्या पाण्यात तो विरघळत नाही. त्याला ८ मोलर युरिया किंवा ६ मोलर ग्वानिडीन लागतं. भातशेतीतला युरिया तो हाच, फक्त एका लिटर द्रावणात जवळजवळ ४८० ग्रॅम आणि अतिशय शुद्ध. जोडीला डीटीटीसारखं क्षपणक घालायचं, म्हणजे चुकून जुळलेले पूलही तुटतात. शेवटी हाती राहते ती सरळ, सैल, निनावी साखळी.

इथे एक सापळा आहे. युरिया विरघळताना भांडं गार पडतं आणि काम उरकण्यासाठी ते गरम करण्याचा मोह होतो. पण युरियाच्या द्रावणात थोडं सायनेट तयार होत असतं, उष्णतेने ते वाढतं आणि प्रथिनाच्या लायसीनला जाऊन चिकटतं. वस्तुमान मोजलं तर दर चिकटलेल्या जागेमागे ४३ डाल्टनची वाढ दिसते. ही वाढ दिसली की समजावं, द्रावण शिळं होतं किंवा तापवलं होतं. म्हणून युरिया ताजा करायचा आणि थंडच वापरायचा.

खरी परीक्षा यापुढे. आठ सिस्टीनपैकी पहिल्याला जोडीदार निवडायला सात पर्याय असतात, उरलेल्यांतल्या पुढच्याला पाच, त्यानंतर तीन आणि मग एक. गुणाकार केला की १०५. म्हणजे चार पूल जुळवण्याच्या १०५ तऱ्हा, त्यांतली बरोबर फक्त एक. हा हिशेब ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज या आठ सिस्टीनच्याच विकरावर मांडला होता. त्यांनी विकर युरियात उघडलं आणि युरिया असतानाच पूल जुळू दिले. मग युरिया काढल्यावर विकराचं काम जेमतेम एक टक्का उरलं, कारण पूल अंदाधुंद जुळले होते. त्याच बिघडलेल्या विकरात त्यांनी क्षपणकाचा किंचित अंश घातला आणि चुकीचे पूल सुटत, पुन्हा जुळत, विकर हळूहळू पूर्ववत झालं. घडीची सगळी माहिती साखळीतच असते, हा त्याचा अर्थ. १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मला या प्रयोगातला तो ‘किंचित अंश’ फार मोलाचा वाटतो. पूल जुळायला हवेत आणि चुकलेला पूल सुटायलाही हवा. आजही घडी बसवणाऱ्या द्रावणात ग्लुटाथायोनची क्षपित आणि ऑक्सिडीकृत अशी दोन्ही रूपं एकत्र घालतात, ती याचसाठी.

अन्फिन्सेन यांच्या साखळ्या विरळ द्रावणात होत्या. दाटीत मात्र साखळीला स्वतःवर दुमडायच्या आधीच शेजारीण भेटते. यावर कोकणातली वेळलेल्या भाताची रीत लागू पडते. बेताच्या पाण्यात भात शिजवला की शितं एकमेकांना धरून गोळा होतो. भरपूर पाण्यात शिजवून वेळला की शीत न् शीत सुटं राहतं. प्रथिनाबाबत याचं गणितही आहे. घडी बसणं हे एकेका साखळीचं काम, त्याचा वेग साखळ्यांच्या संख्येच्या प्रमाणात असतो. चिकटायला मात्र दोघी तरी लागतात, म्हणून तो वेग संख्येच्या वर्गाने वाढतो. द्रावण दुप्पट विरळ केलं की घडीचा वेग निम्म्यावर येतो आणि चिकटण्याचा पाव होतो.

समजा, आपल्याकडे ५ मिलिलिटर ग्वानिडीनमध्ये २५ मिलिग्रॅम साखळी आहे. ती ५०० मिलिलिटर थंड बफरमध्ये, ढवळत ढवळत, थेंबाथेंबाने सोडायची. प्रथिन मिलिलिटरला ०.०५ मिलिग्रॅमवर येतं आणि ग्वानिडीन ६ मोलरवरून ०.०६ वर. पीएच आठाच्या आसपास ठेवायचा, म्हणजे सिस्टीनचा गंधक अदलाबदलीला तयार राहतो. मग रात्रभर ४ अंशांवर ठेवून द्यायचं. सोडायचं ते प्रथिन बफरमध्ये. उलट केलं, म्हणजे प्रथिनात बफर ओतत गेलं, तर मधल्या टप्प्यात ग्वानिडीन अपुरं आणि दाटी भरपूर अशी वेळ येते आणि भांड्यात पांढरे ढग उठतात. प्रथिन जास्त असेल तर एकदम न सोडता हप्त्याहप्त्याने सोडतात. आधीचा हप्ता दुमडून झाला की त्या रेणूंचा चिकटपणा आत झाकला जातो आणि पुढच्या हप्त्याला त्यांची अडचण होत नाही.

या पद्धतीची मर्यादा पाणी हीच आहे. याच हिशेबाने १०० ग्रॅम प्रथिनाला २,००० लिटर बफर लागतं आणि नंतर तेवढं पाणी गाळून पुन्हा आटोपशीर करावं लागतं.

दुसरी वाट डायलिसिसची. प्रथिन पिशवीत ठेवून बाहेरचं ग्वानिडीन पायरीपायरीने उतरवत जायचं. सीएसएस-२ सारख्या विषाला इथे साधीच अडचण येते. नेहमीची पिशवी १२–१४ हजार डाल्टनच्या भोकांची आणि विष साडेसात हजारांचं, म्हणजे सकाळी पिशवी रिकामी! त्याला बारीक भोकांची पिशवी हवी. पण प्रतिविषाच्या दुसऱ्या बाजूला, विषाला अडवणाऱ्या अँटिबॉडीच्या तुकड्यांना ही वाट मानवते. ते सुमारे २७ हजार डाल्टनचे, दोन घड्यांचे. जपानच्या कोहेई त्सुमोतो, इझुमी कुमागाई आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशाच तुकड्यासाठी ग्वानिडीन ६ मोलरवरून ३, २, १, ०.५ आणि शेवटी शून्य असं उतरवलं. त्यांच्या लक्षात आलं की १ आणि ०.५ या पायऱ्या धोक्याच्या आहेत. तिथे साखळी अर्धी दुमडलेली आणि अर्धी उघडी असते आणि पिशवीत ती तासन् तास तशीच थांबते. म्हणून नेमक्या त्याच पायऱ्यांवर त्यांनी चिकटणं रोखणारं आर्जिनीन आणि पूल जुळवणारं ऑक्सिडीकृत ग्लुटाथायोन घातलं. एकदम विरळ करताना हा धोक्याचा पट्टा क्षणात ओलांडला जातो. डायलिसिसमध्ये त्यातून चालत जावं लागतं, म्हणून आधार नेमका तिथेच द्यायचा.

आता, बसलेली घडी बरोबर आहे हे ओळखायचं कसं? गढूळपणा दिसला तर फसलं हे उघड आहे. पण नितळ द्रावणही फसवू शकतं. मेक्सिकोच्या गटाने पहिल्या शुद्धीकरणानंतर प्रथिन एचपीएलसीवर चढवलं, तेव्हा एकाऐवजी अनेक शिखरं आली आणि प्रत्येकाचं वस्तुमान तेच, ९३९२.६ डाल्टन. सगळे पूल तोडल्यावर शिखर एकच उरलं, ९४००.६ डाल्टनचं. फरक आठचा. एक पूल जुळताना दोन हायड्रोजन जातात, चार पुलांचे आठ. म्हणजे प्रत्येक रेणूत चारही पूल होते, पण वेगवेगळ्या तऱ्हेने जुळलेले. वस्तुमानाचा काटा पूल मोजतो, कोण कोणाशी जुळलं हे सांगत नाही. मग त्यांनी पूल तोडलेली साखळी नव्याने, नीट परिस्थितीत जुळू दिली, तेव्हा एकच शिखर आलं. शुद्धीकरणासाठी जोडलेली शेपटी कापून त्यांनी ते विंचवातून काढलेल्या विषाशी ताडून पाहिलं. उंदरांमधली विषारिता सारखीच निघाली आणि सोडियमच्या दारावरचा परिणामही तसाच दिसला. शेवटचा निकाल नेहमी अशा ताडून पाहण्यातूनच लागतो.

पोलादपूरच्या वाचकांना उत्तर असं: विंचवाचं विष जिवाणूत बनवता येतं आणि घडीही बसवता येते. अडचण अशी की आपल्या लाल विंचवाच्या विषात अशी अनेक प्रथिनं आहेत. त्यांतली घातक कोणती हे ठरवून प्रत्येकाची घडी वेगळी साधावी लागेल, कारण एकाला मानवलेलं बफर दुसऱ्याला मानवेलच असं नाही. चुकीच्या घडीचं प्रथिन घोड्याला टोचलं तर अँटिबॉडी तयार होतील, पण त्या खऱ्या विषाला अडवतीलच याची खात्री नाही. म्हणून ‘जिवाणूंपासून प्रतिविष’ अशी बातमी आली की लिटरला किती मिलिग्रॅम बनलं एवढंच वाचून थांबू नका. त्यातलं किती एकाच शिखरात आलं आणि विंचवाच्या विषाशी ताडून पाहिलं का, हेही शोधा. या दोन गोष्टी नसतील तर ती बातमी अजून गाळापर्यंतच पोहोचलेली आहे.