कोलेस्टेरॉल वाढलं, पण कशामुळे?

गैरसमज : आकडा वाढला म्हणजे तेल-तूप जास्त झालं.

समजा, जळगाव जामोदच्या एका 46 वर्षांच्या बाईंचा रिपोर्ट आला : एकूण कोलेस्टेरॉल 286, एलडीएल 196. ठेच्यावरची तेलाची धार बंद झाली, तरी तीन महिन्यांनी आकडे जवळपास तेच. थकवा, बद्धकोष्ठता आणि वाढतं वजन ही त्यांची दुखणी मात्र कुणी विचारलीच नव्हती. टीएसएच तपासलं, तर 48 निघालं; ते साधारण 4 ते 5 च्या आत हवं. म्हणजे थायरॉइड मंदावलेलं होतं.

रक्तातलं एलडीएल यकृत उचलून घेतं. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की ही उचल मंदावते आणि एलडीएल रक्तात साचत जातं. अशा वेळी थायरॉइडकडे न बघता स्टॅटिन सुरू केलं, तर स्नायू दुखण्याचा, क्वचित स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी थायरॉक्सिनची गोळी, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं.

टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहतात. ते जागेवर आल्यावरच कोलेस्टेरॉलची फेरतपासणी खरं चित्र दाखवते. पंधरा दिवसांत केलेली तपासणी फुकट जाते. टीएसएच जागेवर आल्यावरही एलडीएल जास्त राहिलं, तर स्टॅटिनचा विचार होतो. हृदयविकार आधीच असेल, तर कोणतं औषध कधी सुरू करायचं हे डॉक्टर ठरवतील.

गैरसमज : क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे किडनीचा प्रश्नच नाही.

खारपाणपट्ट्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात किडनीचे रुग्ण गावोगाव माहीत आहेत, त्यामुळे क्रिएटिनिन हा शब्द घरोघरी पोचला आहे. पण नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये क्रिएटिनिन ठीक असतानाही लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन वाहून जातं. ती तूट भरून काढताना यकृत चरबी वाहणारे कणही जास्त बनवतं, आणि कोलेस्टेरॉल खूप चढतं. लघवीला टिकून राहणारा फेस, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज असेल, तर लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायलाच हवं. इथे फेरतपासणी सूज उतरल्यावर नव्हे, तर प्रथिनाची गळती थांबल्यावर करायची.

किडनीच्या जुनाट आजारात उलटंही घडतं : एलडीएल फारसं वाढत नाही, ट्रायग्लिसराइड वाढतात. तरी हृदयाचा धोका असतोच. त्यामुळे डायलिसिसपर्यंत न पोचलेल्या, पन्नाशीपुढच्या अशा रुग्णांना एलडीएल बेताचं असूनही स्टॅटिन देतात.

गैरसमज : औषधांचा कोलेस्टेरॉलशी काय संबंध?

प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड, रक्तदाबाच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, मानसिक आजारावरची ओलान्झापिनसारखी औषधं यांनी कोलेस्टेरॉल किंवा ट्रायग्लिसराइड वाढू शकतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी मिळालेल्या खुल्या गोळ्यांच्या पुडीत काय आहे, हे देणाऱ्याला विचारून लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते मनाने एकदम बंद करू नका. त्याने जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी औषध बदललं किंवा थांबवलं, की साधारण चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची.