चौथ्या दिवशी कुणाचंच पार्सल आलं नाही

भिवंडीच्या गोदामातून एका दिवशी नागपूरला निघालेली २० पार्सलं घेऊ, आकडे उदाहरणापुरते. १२ पार्सलं दोन दिवसांत पोचली, ५ तीन दिवसांत. उरलेल्या तिघांना ६, १२ आणि १९ दिवस लागले. सगळ्यांची बेरीज ७६, म्हणून सरासरी ३.८ दिवस. अहवालात हाच आकडा झळकतो. पण १७ जणांना माल त्याआधीच मिळाला होता, तिघांना फार उशिरा. चौथ्या दिवशी कुणाच्याच दाराची बेल वाजली नाही.

असं होतं, कारण पार्सल लवकर पोचायला मर्यादा आहे, रखडायला नाही. गाडी कितीही पळवली तरी दोन दिवसांचं अंतर दोन तासांत कापलं जात नाही. पत्ता अर्धवट असला किंवा पोतं चुकीच्या हबला गेलं, तर मात्र दिवस वाढतच जातात. अशी दोन-तीन पार्सलं सगळी सरासरी वर ओढतात.

म्हणून पार्सलं लागलेल्या वेळेनुसार रांगेत लावायची. मधल्या जागेवरचा आकडा म्हणजे मध्यक: इथे २ दिवस. अठराव्या जागेवरचा, म्हणजे नव्वदावा पर्सेंटाइल, ६ दिवस. सीईटीमुळे हा शब्द घरोघरी पोचलाच आहे. फक्त इथे मोठा आकडा मिरवण्यासारखा नाही. नुसता मध्यकही पुरत नाही. शेवटचं पार्सल १९ ऐवजी ९० दिवसांनी आलं तरी तो जागचा हलणार नाही. दोन्ही आकडे शेजारी हवेत.

पुढच्या महिन्यात तशाच २० पार्सलांपैकी १२ तीन दिवसांत, ५ चार दिवसांत आणि ३ पाच दिवसांत पोचली असं समजा. सरासरी ३.५५ वर आली, बैठकीत टाळ्या. प्रत्यक्षात १७ ग्राहकांना माल एक दिवस उशिरा मिळाला. मध्यक २ वरून ३ वर गेला, तर नव्वदावा पर्सेंटाइल ६ वरून ५ वर आला. रखडपट्टी कमी झाली, पण रोजचं काम मंदावलं, हे दोन आकड्यांतूनच कळतं.

गाड्या किती दिवस अडकून राहतील, याचा हिशेब मात्र सरासरीनेच करावा लागतो.

खरी मेख अजून न पोचलेल्या पार्सलांत असते. पहिल्या महिन्याचा अहवाल सातव्या दिवशीच काढला, तर १२ आणि १९ दिवसांची ती दोन पार्सलं अजून वाटेत असतात. फक्त पोचलेली १८ धरली तर सरासरी २.५ दिवस निघते. रखडलेला माल हिशेबातून गायब! तीच दोन बुकिंगच्या यादीत ठेवून रांगेच्या शेवटी उभी केली, तर मध्यक २ आणि नव्वदावा पर्सेंटाइल ६ आजच निश्चित सांगता येतात, आणि पंचाण्णवाव्यापुढे ‘७ दिवसांहून जास्त’ असं लिहिता येतं.